पावसाचे पाणी साठवण्याचे मॉडेल: पहिल्यांदा चालते, तिसऱ्यांदा सांडते. बिघाड कुठे शोधायचा?

घरी चाचणी घेताना मॉडेल छान चालते. प्रदर्शनात पहिल्या परीक्षकांसमोरही चालते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मात्र फिल्टर काठोकाठ भरतो, पाणी टेबलावर सांडते आणि टाकीत उतरलेले थोडेसे पाणीही गढूळच असते. मग बहुतेक जण फिल्टरमध्ये आणखी कापूस कोंबतात आणि पुढच्या प्रात्यक्षिकाला पाणी अजिबातच उतरत नाही.

ही तक्रार दर वर्षी येते आणि तिची मुख्य कारणे तीन असतात. पाऊस प्रमाणाबाहेर जोरात पाडलेला असतो. पहिले घाण पाणी बाजूला काढणारी बाटली आधीच्या प्रात्यक्षिकाच्या पाण्याने भरलेली असते. कुठेतरी हवा अडकलेली असते. फिल्टर स्वतः क्वचितच गुन्हेगार असतो, पण पाणी तिथेच सांडत असल्यामुळे आळ त्याच्यावर येतो.

आधी पाऊस मोजा

छपराचे माप ४० सेमी × २५ सेमी ठेवा. हे माप वरून सरळ खाली पाहिल्यावर दिसणाऱ्या आयताचे हवे, उतारावर पट्टी ठेवून घेतलेले नको, कारण पाऊस छपराच्या सावलीएवढ्याच जागेत पडतो. क्षेत्रफळ १००० चौ. सेमी, म्हणजे ०.१ चौ. मीटर. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी होते, त्यामुळे या छपरावर १ मिमी म्हणजे १०० मिली आणि १ लिटर पाणी म्हणजे बरोबर १० मिमी पाऊस. सगळा हिशेब तोंडी करता यावा म्हणूनच हे माप घेतले आहे.

आता हेच लिटरभर पाणी मगातून दहा सेकंदांत ओतले तर काय होते? दहा सेकंदांत १० मिमी, म्हणजे तासाला ३६०० मिमी. भारतीय हवामान विभाग तासाला १०० मिमीच्या पावसाला ढगफुटी म्हणतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. मगातून ओतलेला पाऊस त्या दिवसाचे सगळे पाणी पंधरा-सोळा मिनिटांत पाडेल. तो सोसणारा फिल्टर बनवायच्या मागे लागू नका, पाऊसच कमी करा.

त्यासाठी एक लिटरची बाटली घ्या. झाकणाला तापवलेल्या सुईने सुमारे दीड मिमीची आठ छिद्रे पाडा आणि बुडाला एक छिद्र पाडा. बाटली उलटी धरून बुडाच्या छिद्रावर बोट ठेवले की पाऊस थांबतो, बोट काढले की सुरू होतो. बाटली रिकामी व्हायला साधारण १०० सेकंद लागले पाहिजेत. जास्त लागले तर एखादे छिद्र वाढवा, कमी लागले तर एक-दोन छिद्रांवर टेप लावा. वेग सेकंदाला सरासरी १० मिली येतो. हाही तासाला ३६० मिमीचा मुसळधार पाऊस आहे, पण तासाला १०० मिमीने पाडायचा तर सहा मिनिटे लागतील आणि तेवढा वेळ परीक्षक थांबत नाहीत.

नामनिर्देशित आकृती

```
     १
   ' ' ' '
  \
     \   २
        \
         [ ३ ]
           |
           ४ -----------+
           |            |
   ६ |   +---+       +-----+
     +---|   |       |  ७  |
         | ५ |       |  ८  |
         |   |       |  ९  |
         +---+       | १०  |
           |         +--+--+
           X            |
                     +--+--+ १२
                     | ११  |---- १३
                     +-----+      |
                               [ १४ ]
```

१ पावसाची बाटली. २ छप्पर. ३ पन्हळ. ४ टी-जोड. ५ पहिले पाणी वळवणारी बाटली, २०० मिली (खालची X म्हणजे चिमटा). ६ हवा जाण्याची नळी. ७ जाळी आणि बारीक खडे. ८ वाळू. ९ कोळसा. १० खडी. ११ साठवण टाकी. १२ टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र. १३ जादा पाण्याची नळी. १४ पुनर्भरण खड्डा.

फलकावर आकृती काढताना उंचीही लिहा, कारण हे मॉडेल फक्त उंचीच्या फरकावर चालते. टाकीचे झाकण जमिनीपासून १२ सेमी, फिल्टरचे तोंड (खालचे) १५ सेमी, फिल्टरचा वरचा काठ ४२ सेमी, टी-जोड ४४ सेमी, पन्हळ ४७ सेमी. यातले एखादे माप उलटे झाले, उदाहरणार्थ फिल्टरचा काठ टी-जोडाच्या वर गेला, तर पाणी मागे तुंबते.

साहित्य आणि कृती

पायासाठी प्लायवूड किंवा जाड सनबोर्ड घ्या. थर्माकोल नको. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो वजन, त्याने थर्माकोल वाकतो आणि पन्हळीचा उतार उलटा होतो. छपराला पन्हळी प्लास्टिकचा पत्रा किंवा साधा प्लास्टिक पत्रा चालेल. पुढची कड ५ मिमी खाली वाकवा. कड सपाट ठेवली तर पाणी तिला चिकटून पत्र्याच्या खालून मागे वाहते आणि भिंतीवरून उतरते. पन्हळीत पाणी कमी का येते हे कोड्यात टाकणारा बिघाड बहुधा हाच असतो.

पन्हळ म्हणून २५ मिमीचा वायरिंगचा पाईप उभा अर्धा कापा. छपराची कड पन्हळीच्या आत निदान १ सेमी यायला हवी आणि ४० सेमी लांबीत १ सेमी उतार हवा. पन्हळीचे दुसरे टोक बंद करा. पाणी जिथून खाली उतरते तिथे मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावा, म्हणजे पाने वरच अडकतील.

पन्हळीखाली २० मिमीच्या पाईपचा टी-जोड उभा बसवा. सरळ खालची वाट २०० मिलीच्या बाटलीत जाते आणि आडवी वाट फिल्टरकडे. आडव्या वाटेला फिल्टरच्या दिशेने किंचित उतार द्या. २० मिमीचा पाईप थंड पेयाच्या बाटलीच्या तोंडात दोन-तीन वेढे टेप गुंडाळला की घट्ट बसतो. बाटलीच्या बुडाला सलाईनची नळी तिच्या चाकाच्या चिमट्यासकट बसवा. बाटलीच्या खांद्याला दुसरी सलाईनची नळी बसवून टी-जोडाच्या चार-पाच सेमी वर नेऊन उघडी सोडा. ही नळी विसरू नका, तिचे कारण पुढे येते.

फिल्टरसाठी दोन लिटरची बाटली बूड कापून उलटी बसवा. आतला व्यास साधारण १० सेमी धरू. तोंडाला मच्छरदाणीची जाळी दुहेरी करून रबराने बांधा. मग खालून वर असे थर भरा: जाड खडी ४ सेमी, बारीक खडी ३ सेमी, हरभऱ्याएवढे लाकडी कोळशाचे तुकडे ३ सेमी, जाळीची एक चकती, वाळू ७ सेमी, पुन्हा जाळीची चकती आणि तिच्यावर बारीक खड्यांचा एकच थर. वरचे खडे पाण्याच्या धारेने वाळूत खड्डा पडू देत नाहीत. त्यावर ७-८ सेमी जागा रिकामी राहिली पाहिजे.

टाकीसाठी जाड प्लास्टिकची पारदर्शक बरणी घ्या. शक्यतो मापाच्या खुणा असलेली, नाहीतर पट्टीवर स्वतः खुणा करा. जादा पाण्याची नळी येणाऱ्या नळीपेक्षा बारीक नको आणि झाकणाच्या २ सेमी खाली हवी. तिचे पाणी विटांचे तुकडे, खडी आणि वाळू भरलेल्या पारदर्शक डब्यात, म्हणजे पुनर्भरण खड्ड्यात सोडा. त्या डब्यालाही तळाशी निचरा द्या. बंद डबा भरून जातो आणि मग पाणी जमिनीत मुरते हे सांगता येत नाही.

पाणी का सांडते: दुसऱ्या प्रात्यक्षिकाचे रहस्य

पहिल्या पावसात छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पालापाचोळा धुऊन येतो. म्हणून पहिले १-२ मिमी पाणी टाकीत घेत नाहीत. आपल्या छपरावर २ मिमी म्हणजे २०० मिली, म्हणून बाटली २०० मिलीची. ती भरली की पाणी टी-जोडापर्यंत चढते आणि आडव्या वाटेने फिल्टरकडे वळते. सेकंदाला १० मिली या वेगाने बाटली भरायला सुमारे २० सेकंद लागतात.

प्रात्यक्षिकात ही घाण दाखवायला छपरावर थोडी माती भुरभुरतात. पहिल्या प्रात्यक्षिकात बाटली रिकामी असते, घाण तिच्यात जाते, फिल्टरला तुलनेने स्वच्छ पाणी मिळते. दुसऱ्या वेळी बाटली भरलेलीच असते. छपरावर पुन्हा माती भुरभुरली जाते आणि या वेळी ती सगळी थेट वाळूवर येते. वाळूवर दुधावरच्या सायीसारखा मातीचा पातळ थर धरतो आणि पाणी त्यातून उतरत नाही. प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर चिमटा उघडून बाटली पूर्ण रिकामी करायची, एवढाच उपाय आहे. खऱ्या घरावर या जागी तळाला बारीक छिद्र ठेवतात, म्हणजे दोन पावसांच्या मध्ये पाणी आपोआप ठिबकून जाते. परीक्षकांना चिमटा दाखवून हे जरूर सांगा.

आता हवेची नळी. बाटलीचे तोंड पाईपने बंद झालेले असते. आतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर पाणी गुडगुड करत थोडेथोडे आत जाते आणि बाकीचे बाटली भरायच्या आधीच फिल्टरकडे पळते. ओळखायची खूण सोपी आहे. बाटली अर्धी रिकामी असताना फिल्टरमध्ये पाणी दिसू लागले तर हवा अडकली आहे. नळीचे वरचे टोक टी-जोडाच्या खाली राहिले तर बाटली भरल्यावर तिथून पाणी बाहेर येईल, म्हणून ते वर न्यायचे.

टाकीचेही तेच. झाकण घट्ट, हवेचे छिद्र नाही आणि जादा पाण्याची नळीही पाण्याने अडलेली, तर काही वेळाने पाणी फिल्टरमध्येच थांबते. झाकण जरा सैल करून पाहा. पाणी धावत आले तर फिल्टर तुंबलेला नाही. कापूस कोंबण्याआधी ही पाच सेकंदांची चाचणी करावी.

तिसरी जागा नळ्यांची. सगळीकडे सलाईनची नळी वापरण्याची पद्धत पडली आहे. ती हवेसाठी आणि निचऱ्यासाठी ठीक आहे, पण मुख्य वाटेवर नको. तिचे भोक जेमतेम ३ मिमीचे असते, सेकंदाला १० मिली पाणी तिच्यातून जात नाही, आणि नळी मध्येच खाली झोळली तर त्या वळणात बुडबुडा बसतो. फिल्टर ते टाकी आणि टाकी ते खड्डा यासाठी ठिबक सिंचनाची १६ मिमीची नळी किंवा गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप घ्या. पारदर्शक नळीत पाणी वाहताना दिसते, हा फायदा वेगळाच.

तरीही तुंबत असेल तर वाळू तपासा

नव्या फिल्टरवर सतत पाणी धरून ३० सेकंदांत खाली किती जमते ते मोजा. ४५० मिली किंवा जास्त आले, म्हणजे सेकंदाला १५ मिली, तर फिल्टर ठीक. ३०० मिलीच्या खाली आले तर पावसाचा वेग त्याला झेपणार नाही.

कमी येण्याचे कारण बहुतेक वेळा वाळूतली भुकटी. बांधकामावरून आणलेल्या वाळूत, विशेषतः क्रश सँडमध्ये, दगडाची बारीक पूड असते आणि ती मोठ्या कणांमधल्या फटी बुजवते. चहाच्या गाळणीतून पडणारी पण मैद्याच्या चाळणीत अडकणारी वाळू वेगळी काढा. ती बादलीत ढवळून, वरचे गढूळ पाणी ओतून, पुन्हा पाणी घालून धुवा. मूठभर वाळू पेल्यात हलवून ठेवली की मिनिटाभरात वरचे पाणी आरपार दिसले पाहिजे. तोवर धूत राहा, सहा-सात वेळा तरी धुवावी लागते. कापूस नकोच. तो ओला झाला की दबतो आणि सगळ्यात आधी तोच तुंबतो.

प्रदर्शनाच्या दिवशी जवळ धुतलेल्या वाळूची एक पिशवी आणि चमचा ठेवा. उतरण मंदावली की वरचे खडे आणि जाळी उचला, वाळूचा वरचा १ सेमी थर खरवडून टाका आणि तेवढीच नवी घाला. माती वरच्या थरातच अडकलेली असते, पूर्ण फिल्टर उपसायची गरज पडत नाही.

टाकीतले पाणी गढूळ किंवा काळे

काळे पाणी कोळशाचे. कोळसा फोडल्यावर त्याची पूड धुऊन काढा आणि तुकडे रात्रभर पाण्यात भिजवा. कोरडा कोळसा तरंगतो आणि वाळूचा थर उचलतो.

गढूळ पाणी आले तर आधी माती कोणती वापरली ते विचारा. काळी माती वापरली असेल तर फिल्टरला दोष देऊ नका. तिचे चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षा लहान असतात, वाळूतून सहज निसटतात आणि स्थिर पाण्यातही त्यातले मोठे कण तासाला जेमतेम सव्वा सेमी खाली बसतात. प्रात्यक्षिकासाठी कुंडीतली वाळलेली, चाळलेली माती सपाट चमचाभर आणि पानांचे थोडे तुकडे पुरतात. हळद किंवा शाई घालून पाणी रंगवू नका. विरघळलेला रंग वाळू अडवत नाही, कोळसाही एवढ्या वेगात फारसा शोषत नाही, आणि परीक्षकांचा पहिला प्रश्न त्यावरच येतो.

ओतण्याची पद्धतही पाहा. एकाच जागी धार धरली तर बाकी छपरावरची माती पहिल्या २०० मिलीत धुऊन जात नाही, मागाहून फिल्टरवर येते. पहिली २० सेकंदे बाटली वरच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा.

मॉडेल रिक्षातून किंवा एसटीतून नेताना हादऱ्यांनी वाळू खडीत उतरते. थर वेगवेगळ्या पिशव्यांतून न्या आणि तिथे भरा. पहिले लिटरभर पाणी परीक्षक येण्याआधीच फिल्टरमधून जाऊ द्या.

गळती

फेव्हिकॉल पाण्यात सुटतो. ग्लू गन गुळगुळीत बाटलीवर धरते आणि ओली झाली की निघते. सिलिकॉन चालते, पण त्याला २४ तास वाळू द्यावे लागते, आदल्या रात्री लावलेले उपयोगाचे नाही. एम-सील टी-जोडाला आणि पाईपला बरे. बरणीला नळी जोडायला ठिबकच्या दुकानात मिळणारे रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्रात बसणारे रबरी कडे, आणि त्यात खोचायचा टेक-ऑफ हा नळीचा जोड सगळ्यात भरवशाचे. छिद्र ग्रोमेटच्या मापाचे पाडा, कड घासून घ्या आणि ग्रोमेट ओले करून दाबा. पातळ बाटलीत ते नीट धरत नाही, म्हणूनच बरणी जाड सांगितली.

फलकावरचे कार्य आणि परीक्षकांचे प्रश्न

फलकावर एवढे पुरे: छपरावरचे पाणी उताराने पन्हळीत येते. पहिले २ मिमी पाणी बाटलीत अडते. बाटली भरल्यावर पाणी फिल्टरकडे वळते. वाळू माती अडवते, कोळसा काही प्रमाणात वास आणि रंग शोषतो, खडी वरच्या थरांना आधार देते. टाकी भरली की जादा पाणी पुनर्भरण खड्ड्यातून जमिनीत मुरते.

'हे पाणी पिता येईल का?' याचे उत्तर नाही असे द्या आणि कारण सांगा. आपल्या फिल्टरमधून पाणी तासाला सुमारे साडेचार मीटर या वेगाने उतरते (सेकंदाला १० मिली भागिले ७८ चौ. सेमी). जलशुद्धीकरण केंद्रातले जलद वाळू फिल्टर साधारण अशाच वेगाने चालतात आणि त्यांच्यानंतर क्लोरीन घालावेच लागते. जंतू कमी करणारे मंद वाळू फिल्टर तासाला १०-२० सेमी इतक्या संथ गतीने चालतात. आपले पाणी झाडांना, धुण्याला, शौचालयाला.

'खऱ्या घरावर किती पाणी मिळेल?' हेही विचारतात. १०० चौ. मीटरचे छप्पर, वर्षाला ७०० मिमी पाऊस, त्यातला ८५ टक्के हाती लागला असे धरले, तर १०० × ७०० × ०.८५ = ५९,५०० लिटर. उरलेले १५ टक्के छप्पर भिजण्यात, बाष्पीभवनात, उडून जाण्यात आणि पहिल्या पाण्यात जातात.

एका लिटरचा हिशेब

प्रात्यक्षिकानंतर पाणी मोजून फलकावर लिहा. ओतले १००० मिली. वळवलेले २०० मिली. छपराला आणि पन्हळीला चिकटलेले २० ते ३० मिली. टाकीत, फिल्टर आधीच ओला असेल तर, ७५० ते ७८० मिली. फिल्टर कोरडा असताना टाकीत याहून बरेच कमी येते, कारण काही पाणी वाळू आणि कोळसा धरून ठेवतात. ती चूक नव्हे, नोंद करा. पण ओल्या फिल्टरवर टाकीत ६०० मिलीच जमले आणि वळवण्याच्या बाटलीत २०० मिलीच आहे, तर दीड-पावणेदोनशे मिली बाहेर जात आहे. तेव्हा छपराच्या कडेखाली आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरून पुन्हा एक लिटर ओता. कागद जिथे भिजेल तिथे गळती आहे. कागद सगळीकडे कोरडा राहिला तर पाणी अजून फिल्टरवरच साचून असेल, टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र पुन्हा तपासा.